कोळसा किती शिजला, ते आधी बघ

सोमवारी तू रुजू होतेस, म्हणून आजच बोलून घेतो. एकदा भट्ट्या तापल्या आणि नमुन्यांची पुडकी येऊन पडली की तुला मामाचं ऐकायला फुरसत मिळायची नाही. मी चंद्रपूरच्या बाजूला कोळशाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली. त्यातली पहिली दोन एका गैरसमजात गेली. तुझी जाऊ नयेत.

आईनं डाळ शिजायला टाकली की दोन गोष्टी वेगवेगळ्या बघाव्या लागतात, हो ना? डाळ शिजली किती, आणि तिच्यात खडे किती. कोळशाचंही तसंच आहे. रँक म्हणजे तो जमिनीच्या पोटात किती शिजला. ग्रेड म्हणजे तो किती उष्णता देतो, आणि आपल्याकडं ते बरंचसं त्यात माती-राख किती यावर ठरतं. खाणीवर, साइडिंगवर, बिलावर सगळीकडं ग्रेडच बोलतात, त्यामुळं नवं माणूस ग्रेडलाच रँक समजून बसतं. मीही समजलो होतो.

आधी शिजणं कसं होतं ते ऐक. दलदलीत झाडं पडतात, पानं साचतात आणि सगळं पाण्याखाली जातं. तिथं हवा पोचत नाही, म्हणून ते पुरतं कुजत नाही, अर्धवट राहतं. ते पीट. ओलं पीट मुठीत दाबलं तर चहासारखं तपकिरी पाणी गळतं. त्यात जवळजवळ सगळं पाणीच असतं. पुढं त्या दलदलीवर वाळू-चिखलाचे थर बसत जातात, जमीन खचते आणि पीट खाली खाली जातं. वरच्या वजनानं पाणी पिळून निघतं आणि लिग्नाइट तयार होतो. त्यातही ओलावा असतोच. नेयवेलीचा लिग्नाइट खाणीतून निघतो तेव्हा त्याच्या वजनातलं निम्मं पाणी असतं. तो उन्हात ठेवला तर वाळून तडकतो आणि त्याचा भुगा होतो. काही तुकड्यांत लाकडाचे धागे अजून दिसतात.

इथून पुढचं काम वजनाचं कमी आणि आचेचं जास्त. जमिनीत खाली जावं तसं दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंशांनी तापत जातं. त्या आचेवर कोळशातला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याच्या रूपानं निघून जातो. जे मागं उरतं त्यात कार्बनचा वाटा वाढतो. ओलावा आणि राख वगळून मोजलं तर लिग्नाइटमध्ये कार्बन सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो. बिट्युमिनसमध्ये तो पंचाहत्तरच्या पुढं जाऊन नव्वदीला टेकतो. याच टप्प्यात मिथेन सुटतो. खाणीत ज्याची भीती बाळगतात तो वायू म्हणजे कोळसा शिजताना निघालेली वाफच समज. अगदी शेवटी हायड्रोजनही बहुतेक निघून जातो आणि अँथ्रासाइट उरतो. त्यात कार्बन ब्याण्णव टक्क्यांच्या वर. तो हाताला काळं लावत नाही, काचेसारखा फुटतो, पेटायला हट्टी आणि पेटला की आखूड निळी ज्योत. आपल्या खाणींत तो तुला भेटायचा नाही, म्हणून त्याच्यावर वेळ घालवत नाही.

आता पहिला कानमंत्र. कोळशाचं वय विचारून रँक सांगू नकोस. आपल्या वर्धा खोऱ्यातला कोळसा गोंडवना काळातला, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. तरी तो सब-बिट्युमिनस आणि हलक्या बिट्युमिनसच्या सीमेवरच घुटमळतो. जम्मूत कालाकोटच्या भागातला कोळसा जेमतेम पाच कोटी वर्षांचा. पण हिमालय उठताना त्या थरांना अशी आच लागली आणि अशा वळ्या पडल्या, की तो जवळपास अँथ्रासाइटपर्यंत पोचला. नातू आजोबांच्या पुढं गेला! रशियात मॉस्कोच्या दक्षिणेला, तुला नावाच्या शहराच्या भागात, तेहतीस कोटी वर्षांचा कोळसा अजून लिग्नाइटच आहे, कारण तो कधी खोल गेलाच नाही. तिकडं युक्रेनच्या दोनबासमध्ये त्याच जुन्या युगातला कोळसा खोल पुरला गेला आणि अँथ्रासाइट झाला. चूल पेटलीच नाही तर डाळ किती तास भांड्यात होती याला काय अर्थ?

तुझा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे. वणीकडं तर आपल्या कोळशाच्या वर डेक्कन ट्रॅपचा काळा दगड आहे. एवढा लाव्हा वरून वाहिला तरी कोळसा भाजला कसा नाही? अगं, जमिनीवर पसरलेला लाव्हा आपली बहुतेक उष्णता वर हवेत सोडतो. खाली ती फार खोल जात नाही. आणि कोळसा व लाव्हा यांच्यामध्ये वालुकाश्माचे जाड थर होते. तोच लाव्हारस फटीतून घुसून सीम फाडत गेला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. झरियात तसंच झालंय. तिथं आगीच्या दगडाच्या भिंती सीममध्ये घुसल्या आणि आजूबाजूचा कोळसा जळून कोकासारखा झाला. तिथले खाणकामगार त्याला झामा म्हणतात. पण झामा म्हणजे वरच्या रँकचा कोळसा नव्हे. ती करपलेली भाकरी. दगडापासून काही अंतर गेलं की कोळसा पुन्हा नेहमीसारखा.

दुसरी गोष्ट आकड्यांची, ती समोर मांडूनच दाखवतो. समज, तुझ्या टेबलावर दोन नमुने आले. पहिला आपल्या खोऱ्यातला: ओलावा ८, राख ३०, बाष्पनशील पदार्थ २६, स्थिर कार्बन ३६. दुसरा झरियाच्या वॉशरीतून उरलेला: ओलावा १, राख ४४, बाष्पनशील पदार्थ १७, स्थिर कार्बन ३८. दोन्हींचा उष्मांक किलोमागे ४७०० किलोकॅलरीच्या आसपास. म्हणजे दोन्ही जी-९, कारण ४६०० ते ४९०० चा तो पट्टा. बिलावर दोघे सख्खे भाऊ, आणि स्थिर कार्बनही जवळजवळ सारखाच.

आता खडे काढून टाक. पहिल्यात ओलावा आणि राख वजा केली तर ६२ उरतात. त्यात २६ बाष्पनशील, म्हणजे जवळपास ४२ टक्के. दुसऱ्यात ५५ उरतात. त्यात १७, म्हणजे ३१ टक्के. कोळसा शिजत जातो तसा बाष्पनशील भाग घटत जातो, म्हणजे दुसरा बराच जास्त शिजलेला. त्याच्या नशिबी राख जास्त आली, एवढंच. त्यामुळं रिपोर्टवरचा नुसता स्थिर कार्बन बघून कधी बोलायचं नाही. आधी भागाकार, मग तोंड उघडायचं.

आकड्यांआधीच ही गोष्ट मुशीत दिसते. बाष्पनशील पदार्थ काढायला तू एक ग्रॅम बारीक पूड झाकणाच्या मुशीत घालून ९०० अंशांच्या भट्टीत बरोबर सात मिनिटं ठेवशील. मूस निवली की बहुतेक लोक तिचं फक्त वजन करतात. तू झाकण काढून आत बघ. आपल्या खोऱ्यातल्या कोळशाची पूड होती तशी सुटी राहते, फुंकर मारली तर उडेल. झरियाच्या नमुन्यात एवढी राख असूनही कण एकमेकांना धरून ढेकूळ झालेलं असतं. मधल्या रँकचा बिट्युमिनस तापला की आधी मऊ होतो, फुगतो, मग घट्ट होतो. कोक होतो तो यातूनच. लिग्नाइटला हे जमत नाही आणि अँथ्रासाइटलाही नाही; एक कच्चा, दुसरा पार आटलेला. म्हणून पोलादवाल्याला सगळ्यांत वरचा रँक नको असतो, मधला हवा असतो.

या भागाकारालाही एक खोट आहे. आपल्या कोळशात माती भरपूर, आणि त्या मातीतलं पाणी व चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड भट्टीत बाष्पनशील म्हणूनच मोजला जातो. राख चाळीसच्या वर गेली की तुझं उत्तर खऱ्यापेक्षा दोन-चार टक्क्यांनी फुगलेलं असू शकतं. वरच्या झरियाच्या नमुन्यालाही हे लागू आहे. त्याचा खरा आकडा ३१ पेक्षा खालीच असणार. शंका आली तर नमुना सूक्ष्मदर्शकाकडं पाठव. तिथं कोळसा घासून आरशासारखा करतात, तेलाच्या थेंबाखाली ठेवतात आणि त्यातला चकाकणारा व्हिट्रिनाइट किती टक्के प्रकाश परत फेकतो ते मोजतात. आपल्या खोऱ्यात तो आकडा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. अँथ्रासाइटमध्ये दोनच्या वर जातो. राख कितीही असो, हा आकडा हलत नाही.

आता माझी फजिती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका नाल्याच्या काठावरून पिशवीभर कोळसा आला. हातात घेतला तर चुरा होत होता, ओलावा भरमसाट. कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात उकळला तर पाणी गर्द तपकिरी झालं. पुस्तकात ती लिग्नाइटची खूण. मी ऐटीत ‘लिग्नाइट’ असं लिहून दिलं. आमचे साहेब काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्याच नाल्यावर नेलं, गड्याकडून दीड-दोन मीटर आत खोदून घेतलं आणि आतला ढेकूळ माझ्या हातात ठेवला. कडक, काळा, चकचकीत पट्ट्यांचा, नेहमीचा आपला कोळसा. बाहेरचा उन्हापावसानं सडला होता. हवा खाल्लेला कोळसा लिग्नाइटची सोंगं अगदी हुबेहूब आणतो; पोटॅशचं पाणीही रंगवतो. वर नाल्यात बराकरचा वालुकाश्म डोळ्यांसमोर उभा होता, तोही मी बघितला नव्हता. तेव्हापासून नमुना कुठून आणि किती खोलीवरून घेतला हे पुडक्यावर लिहिलेलं नसेल तर मी ते उघडतच नसे. तूही उघडू नकोस, परत पाठव. लोक कुरकुरतील, कुरकुरू देत.

आणि तो कपाटातला पांढरा चिनी मातीचा तुकडा घेऊन जा. फुटकी फरशी आहे म्हणून तुझी मामी दोनदा टाकायला निघाली होती. त्याच्या मागच्या खरखरीत बाजूवर कोळसा ओढायचा. लिग्नाइटची रेघ तपकिरी उमटते, बिट्युमिनसची काळपट, अँथ्रासाइटची काळीभोर. पुढची गुळगुळीत बाजू उपयोगाची नाही, तिच्यावर रेघ धरत नाही.