उत्तरातील अंक किती खरे?

विहिरीच्या काठावरून दगड सोडायचा, पाण्यात पडल्याचा आवाज येईपर्यंतचा काळ मोजायचा आणि त्यावरून पाणी किती खोल आहे हे काढायचे, हे यामिकीतील एक परिचित उदाहरण आहे. समजा, एका विद्यार्थ्याने साध्या स्टॉपवॉचवर २.३ सेकंद हा काळ मोजला. गुरुत्वत्वरण दर सेकंदाला दर सेकंदास ९.८ मीटर धरले, तर दगडाने कापलेले अंतर म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या निम्म्यास काळाच्या वर्गाने गुणून येणारी संख्या होय. ४.९ गुणिले ५.२९ म्हणजे २५.९२१. विद्यार्थी वहीत लिहितो: खोली २५.९२१ मीटर. गुणाकारात कोठेही चूक नाही. तरीही हे उत्तर चूक आहे.

२५.९२१ मीटर असे लिहिणारा माणूस आपल्याला खोली एका मिलिमीटरपर्यंत ठाऊक असल्याचा दावा करीत असतो. त्याच्या हाती मात्र केवळ एक घड्याळ होते, आणि बटण दाबताना बोट सहज एकदशांश सेकंद पुढेमागे होते. खरा काळ २.२ सेकंद असेल तर खोली २३.७ मीटर येते, २.४ सेकंद असेल तर २८.२ मीटर. म्हणजे खोली सुमारे २४ ते २८ मीटर यांच्या दरम्यान कोठेतरी आहे. काळातील चूक सुमारे चार टक्क्यांची, पण सूत्रात काळाचा वर्ग असल्यामुळे खोलीतील चूक तिच्या दुप्पट, सुमारे नऊ टक्क्यांची झाली. २६ या संख्येतील ६ हा अंकच जेथे डळमळीत आहे, तेथे त्यापुढील ९, २ आणि १ या अंकांना काहीच अर्थ उरत नाही.

ज्या अंकांना मोजमापाचा आधार असतो त्यांना सार्थ अंक म्हणतात. त्यांत शेवटचा, काहीसा संशयास्पद अंकही धरतात. गुणाकार-भागाकाराचे उत्तर, दिलेल्या राशींपैकी ज्या राशीत सर्वांत कमी सार्थ अंक असतील तितक्याच अंकांत द्यावे, असा नियम आहे. येथे २.३ आणि ९.८ या दोहोंत दोनदोनच सार्थ अंक आहेत; म्हणून उत्तर २६ मीटर. सूत्रातील ‘निम्मे’ ही मोजलेली राशी नसून अचूक संख्या आहे, त्यामुळे ती या हिशेबात येत नाही. उलट घड्याळ शतांश सेकंद विश्वासाने दाखवीत असेल आणि वाचन २.३० आले असेल, तर ते शून्य गाळू नये. तेही मोजलेलेच आहे.

तथापि अंक कमी करण्याचे काम अखेरच्या पायरीवरच करावे. हेच उदाहरण दुसऱ्या रीतीने सोडवता येते. पाण्याशी पोहोचतानाचा वेग ९.८ गुणिले २.३, म्हणजे सेकंदास २२.५४ मीटर, कोणी तो लगेच २३ केला. सरासरी वेग त्याच्या निम्मा, ११.५; तो १२ केला. त्यास २.३ ने गुणल्यावर २७.६, म्हणजे २८ मीटर. माहिती तीच, नियमही तोच, पण उत्तर २६ ऐवजी २८. मधल्या पायऱ्यांत एकदोन अंक जादा ठेवले असते तर ही तफावत पडली नसती.

या नियमालाही मर्यादा आहेत. २६ असे लिहिल्यावर चूक अर्ध्या मीटरच्या आत असावी असे वाटते, परंतु येथे ती दोन मीटरांहून थोडी अधिक आहे. म्हणून २६ ± २ मीटर असे लिहिणे अधिक प्रामाणिकपणाचे. शिवाय आणखी एक गोष्ट निसटली आहे. पाण्याचा आवाज वर येण्यासही वेळ लागतो. ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४० मीटर धरल्यास तो काळ सुमारे ०.०७ सेकंद होतो. तो वजा केल्यावर दगड पडण्याचा खरा काळ सुमारे २.२३ सेकंद आणि खोली सुमारे २४ मीटर येते. बोटाची चूक कधी पुढे, कधी मागे होते व अनेक वेळा मोजून सरासरी काढल्यास कमी होते. आवाजामुळे होणारी चूक मात्र दर वेळी एकाच बाजूला, खोली वाढवूनच दाखवते. ती कितीही वेळा मोजून जात नाही आणि अंक कमी केल्यानेही जात नाही.

तेव्हा उत्तर २४ ± २ मीटर. या विहिरीत पाण्यापर्यंत दोर सोडायचा असेल, तर या उत्तरावरून निदान २६ मीटर दोर हवा, आणि गाठीसाठी त्याहून थोडा अधिक, हे कळते. २५.९२१ या आकड्यावरून कोणी तेवढाच दोर कापून आणला, तर तो पाण्याला टेकेल की अधांतरी राहील, हे ते तीन दशांश अंक सांगू शकत नाहीत.