टोके नव्हे, सेंट्रोमिअर पाहा

प्रश्न : कांद्याच्या मुळाच्या टोकाच्या स्लाइडच्या फोटोत गुणसूत्रे मधोमध आहेत, पण त्यांची टोके दोन्हीकडे पसरली आहेत. ही पश्चावस्था का?
– बीएस्सीची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही, ही मध्यावस्थाच. कांद्याची १६ गुणसूत्रे लांब असतात. त्यामुळे मध्यावर फक्त सेंट्रोमिअर ओळीत येतात, बाहू मात्र बाहेर लोंबतात. पश्चावस्थेत सेंट्रोमिअर ध्रुवांकडे पुढे ओढले जातात, बाहू मागे फरपटतात आणि दोन वेगळे गट दिसतात. फोटोत सेंट्रोमिअर दिसतच नाहीत, हा आक्षेप रास्त आहे; पण पश्चावस्थेत गुणसूत्राचे वळण ध्रुवाकडे वळलेले दिसते आणि तेच सेंट्रोमिअरची जागा दाखवते. पेशी ध्रुवाकडून दिसत असेल, तर मध्यावस्थेतही ओळीऐवजी चकतीभर पसरलेली गुणसूत्रे दिसतात. अशा पेशीचा निर्णय एका फोटोवर करू नका. फोकस वरखाली करून पाहा.