ऱ्हस्व की दीर्घ? आज प्रश्न, उद्या उत्तरं

परवा एका विद्यार्थिनीने फलकावर सूचना लिहिली : 'खानापूरात कविसंमेलन'. मी 'पू'खाली रेघ मारली, तर ती म्हणाली, "सर, पाटीवर तर 'खानापूर' दीर्घच लिहिलेलं असतं!" तिचं म्हणणं खरं होतं, तरीही शब्द चुकला होता. कसा? कंसातला योग्य शब्द निवडा. शब्दकोश नको, कागदावर लिहून ठेवा.

१. आजी म्हणाली, "(दूधात / दुधात) साखर घाल."
२. आम्ही रविवारी (खानापूरला / खानापुरला) गेलो.
३. (खानापूरात / खानापुरात) जोराचा पाऊस होता.
४. (वकीलांनी / वकिलांनी) कागद तपासले.
५. (शरीरात / शरिरात) ताप मुरला होता.

दुसऱ्या दिवशी

बरोबर उत्तरं : दुधात, खानापूरला, खानापुरात, वकिलांनी, शरीरात.

'दूध' म्हणून पाहा. शेवटचा 'ध' आपण अर्धवट उच्चारतो, त्यामुळे जोर आधीच्या 'दू'वर येतो आणि तो लांबतो. म्हणून अकारान्त मराठी शब्दात शेवटून दुसरं अक्षर इकारी-उकारी असेल तर ते दीर्घ लिहितात : दूध, वकील, जमीन. आता 'दुधात' म्हणा. 'ध'ला 'आ' मिळाला, जोर पुढे सरकला, 'दु' आखूड झाला. 'वकिलांनी', 'जमिनीवर' यांतही हेच घडतं.

मग 'खानापूरला' दीर्घ का? कारण इथे 'र' बदललाच नाही. प्रत्यय नुसता मागे जोडला गेला. 'खानापुरात' म्हणताना मात्र 'र'चा 'रा' झाला. म्हणजे 'खानापूर', 'खानापूरला', पण 'खानापुरात'. इंदूरचंही तसंच : 'इंदूरला' जा, पण 'इंदुरात' राहा. प्रत्यय लागला का हे बघू नका. प्रत्ययाआधीचं अक्षर बदललं का, ते बघा.

सर्वांत जास्त फसवतो तो पाचवा प्रश्न. बोलताना आपण 'शरिरात'च म्हणतो, म्हणून कानावर विसंबलात की चुकलात. 'शरीर' संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणजे तत्सम शब्द. त्याची वेलांटी मुळाप्रमाणेच राहते : शरीरात, गीतात, सूत्राने. उलट बाजूही तशीच आहे : 'गुण' आणि 'विष' हेही तत्सम, म्हणून अकारान्त असूनही ऱ्हस्वच.

तत्सम ओळखायचा कसा? 'दूध'चं संस्कृत रूप 'दुग्ध', म्हणजे मराठीत येताना शब्द बदलला, नियम लागू. 'वकील' अरबीतून आला, 'जमीन' फारसीतून. तिथेही नियम लागू. 'शरीर' संस्कृतातही 'शरीर'च. तिथे हात लावायचा नाही. शंका आली तर शब्दकोशात मूळ पाहावं, कारण हा भेद नुसत्या उच्चारावरून कळत नाही.

फलकावर आता 'खानापुरात' आहे. तुमच्या कागदावर काय आहे?