तीन मिनिटांची स्क्रिप्ट आणि घंगाळातला गणपती

आमच्या जालन्यात गल्लीच्या मंडळासाठी, शाळेसाठी, कधी ओळखीच्या सोसायटीसाठी मी व्हिडिओच्या संहिता लिहून देतो. त्यात घरच्या घरी विसर्जनाचा विषय दर वर्षी येतोच. ‘पर्यावरण वाचवा, बाप्पा पावेल’ एवढ्यावर लोक मान हलवतात आणि मूर्ती घेऊन मोती तलावाचीच वाट धरतात. त्यातून जे कळलं, ते असं.

१. व्हिडिओ श्रावणात बाहेर पडला पाहिजे.

बहुतेक मंडळं अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी जागी होतात. तोवर पीओपीची मूर्ती घरात बसलेली असते आणि ती बादलीत विरघळत नाही. खरा निर्णय दुकानात, मूर्ती बुक करताना होतो. म्हणून मी दोन तुकडे लिहितो. पहिला श्रावणात पाठवायचा, त्यात फक्त मूर्ती कशी ओळखायची. दुसरा विसर्जनाच्या दोन-तीन दिवस आधी.

पहिल्या तुकड्यात आई-मुलगा दुकानात जातात. मुलगा मूर्ती उचलतो: “आई, ही जड आहे.” त्याच उंचीची पीओपीची मूर्ती बहुधा पोकळ, म्हणून हलकी. मग आई मूर्ती तिरकी करून तळ पाहते. तळाला रंग नसतो, तिथे ओलं बोट घासलं की शाडू मऊ पडून बोटाला लागतो. पीओपी पाणी शोषून घेतं, पण चिखल होत नाही. दुकानदाराला विचारून मग बोट लावायचं, हेही संवादात घातलं. नाहीतर व्हिडिओ बघून सगळी गल्ली मूर्तींना बोटं लावत फिरेल आणि दुकानदार आपल्यालाच शिव्या घालेल.

२. पहिली शंका पाण्याची नसते, शास्त्राची असते.

“वाहत्या पाण्यातच सोडावा लागतो,” असं प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतं, आणि ते बहुधा घरातलं मोठं माणूस असतं. त्यांना खोडून काढणारी संहिता पडतेच. मी ते वाक्य आजोबांच्या तोंडी ठेवतो आणि उत्तर गुरुजींकडून देतो. उत्तरपूजा झाली, अक्षता वाहून मूर्ती जागेवरून हलवली की देवाला निरोप दिला गेला. उरते ती माती. त्यानंतर नातीचा एकच प्रश्न: “आजोबा, मोती तलाव कुठं वाहतो?” आजोबा हसतात. कुंडलिकेचं नाव काढलं तर तीच गत. नव्या आणि जुन्या जालन्याच्या मधून ती जाते, पण पावसाळा सरला की तिच्यात शहराचं सांडपाणीच जास्त. देवाला त्यात सोडायचं का, हे व्हिडिओत कोणी बोलत नाही. कॅमेरा पुलावरून खाली एकदा फिरवला की पुरे.

आणखी एक. मराठवाड्यात महालक्ष्म्यांचे मुखवटे आपण पाण्यात बुडवत नाही. अक्षता टाकून, नैवेद्य दाखवून पुन्हा पेटीत ठेवतो. निरोप द्यायला तळंच लागतं असं नाही, हे आमच्या घरच्या बायांना माहीतच आहे. ते वाक्य मावशींच्या तोंडी घाला.

३. भाषण कापा, घंगाळ दाखवा.

दुसऱ्या तुकड्याचा जीव एका दृश्यात आहे: मूर्ती विरघळताना. मोबाइल तिकाटण्यावर पक्का ठेवायचा, उजेड बदलू द्यायचा नाही आणि टाइमलॅप्स लावायचा. न्हाणीघरातली प्लास्टिकची बादली नको. ती दिसली की आज्या नाक मुरडतात, आणि त्यांचं चुकत नाही. पूजेचं तांब्याचं घंगाळ किंवा नवा टब घ्या, भोवती रांगोळी काढा.

कृती संहितेत पायरीपायरीने लिहावी लागते, कारण बघणारा तसंच्या तसं करतो. हार, दूर्वा, कापड, दागिने आधी काढायचे. पाणी मूर्ती बुडेल इतकंच. प्रथेप्रमाणे तीनदा बुडवून काढायची आणि तळ खाली करून बसवायची. तळाला रंग नसल्याने पाणी तिथून शिरतं. मूर्ती पूर्ण वाळलेली असावी. कोरडी माती पाण्यात लवकर फुटते, ओलसर राहिलेली मूर्ती रेंगाळते. लगेच ढवळत बसू नये. लहान मूर्ती काही तासांत ढासळते, जाड असेल किंवा तैलरंग असेल तर रात्र जाते. हे खरं तेवढंच लिहा. ‘अर्ध्या तासात विसर्जन’ असं कोणी सांगितलं आणि घरी तसं झालं नाही, तर पुढच्या वर्षी तो माणूस तलावावर दिसतो.

शेवटी चिखलात काथ्या किंवा तार सापडते, ती उचलून टाकायची. पाणी नालीत ओतायचं नाही, माती बसून नाली तुंबते. रात्रभर निवळू द्यायचं, वरचं पाणी झाडाला. खालची माती कापडावर वाळवून मूर्तिकाराला परत द्यायची किंवा पुढच्या वर्षी मुलांना मूर्ती करायला ठेवायची. कुंडीत टाकायची तर मूठभरच, काळ्या मातीत आणि खतात मिसळून; नुसता शाडू वाळून घट्ट थर धरतो. रंगवलेली असेल तर तुळशीत नको.

४. “शाडू तर विरघळतोच, मग तळ्यात सोडला तर काय बिघडलं?”

हा प्रश्न हुशार माणूस विचारतो, त्याला उडवाउडवीचं उत्तर चालत नाही. शाडू विरघळून नाहीसा होत नाही, तळाशी बसतो. आमच्याकडे हे समजावायला घाणेवाडी आहे. निजामाच्या काळात बांधलेला हा जलाशय. त्याचं पाणी पंपाशिवाय, केवळ उतारानं शहरात येतं. २०१२-१३ च्या दुष्काळात तो आटला, तेव्हा जालनेकरांनीच पुढे होऊन त्यातला गाळ उपसला. ज्या गावानं गाळ काढायला ट्रॅक्टर लावले, त्या गावाला ‘तळ्यात माती टाकू नका’ हे वेगळं पटवावं लागत नाही. टँकरच्या रांगेचा जुना फोटो कोणाच्याही मोबाइलमध्ये सापडेल, तो लावा. मेलेल्या माशांची गुगलवरची चित्रं लावू नका. ती आपल्या तळ्यातली नसतात आणि लोकांना ते लगेच कळतं.

५. पीओपी घरात आलेल्यांना वाऱ्यावर सोडू नका.

पाण्याशी मिसळल्यावर पीओपीचं जिप्सम होतं आणि एक लिटर साध्या पाण्यात ते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. दोन किलोच्या मूर्तीला आठशे ते हजार लिटर पाणी लागेल, तेही ढवळत राहिलं तर. म्हणून ती तळ्याच्या तळाशी तशीच पडून राहते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं सांगितलेला उपाय अमोनियम बायकार्बोनेटचा: साधारण मूर्तीच्या वजनाइतकी पूड पाण्यात, अधूनमधून ढवळणं, सुमारे ४८ तास. खाली चुनखडी उरते, वर खताचं पाणी, ते भरपूर पातळ करून झाडांना. किराणा दुकानातला खायचा सोडा तो नव्हे, बेकरीवाले वापरतात तो. हे वाक्य पडद्यावर ठळक लिहा. डोळ्यांना झोंबणारा वास सुटतो, तेव्हा टब गच्चीवर आणि लेकरं लांब.

ज्यांना हे झेपत नाही त्यांच्यासाठी कृत्रिम हौद. २०२५ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं पीओपीच्या सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच सोडण्याचे आदेश दिले. कायद्याचं हे एक वाक्य शेवटी ठेवा. सुरुवातीला ठेवलं की लोक व्हिडिओ पुढे ढकलतात.

६. तीन मिनिटांत साडेतीनशे शब्दच मावतात.

सावकाश बोललेल्या मराठीचा वेग मिनिटाला सव्वाशे शब्दांच्या आत राहतो, आणि मधे आरतीलाही जागा हवी. कागदाच्या डाव्या बाजूला दृश्य, उजवीकडे आवाज लिहा. उजवी बाजू भरली की डावीकडे जे दिसतंय तेच पुन्हा सांगणारी वाक्यं खोडा. ‘जलप्रदूषण’, ‘जैवविविधता’ हे शब्द माझ्या संहितेत येत नाहीत. आमच्या गल्लीत ते कोणी बोलत नाही.

तुमच्या गल्लीसाठी लिहिणार असाल तर आषाढातच बसा, आणि चित्रीकरणाआधी एक छोटी शाडूची मूर्ती आणून घरच्या पाण्यात किती वेळ लागतो ते स्वतः बघा. संहितेत तोच वेळ लिहा.