अल्लाहची सुंदर नावे

मुलांनो, अल्लाहच्या ९९ नावांचा तक्ता तुम्ही पाहिला असेल. ही संख्या हजरत अबू हुरैरा यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये आहे. बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत ती येते, पण नावांची यादी तेथे नाही. प्रसिद्ध यादी तिरमिजी यांच्या संग्रहात मिळते. ती नीट वाचा. सूरह फातिहात तुम्ही रोज म्हणता ते 'रब्ब' हे नाव तिच्यात नाही! म्हणून अनेक विद्वान मानतात की, ही यादी एखाद्या रावीने नंतर जोडली असावी. इमाम गझाली यांच्या मते तर नावे ९९ हून अधिक आहेत.

हदीसमधील 'अहसा' म्हणजे मोजणे. पण तसबीहचे मणी नुसते सरकवू नका. 'या रज्जाक' म्हणताना रोजी देणारा तोच, हे मनात असू द्या.