छातीवरची झोप, पाळण्यातली झोप

छातीवर गाढ झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवलं की लगेच डोळे उघडतं. नाशिक रोडला, आमच्या जेल रोडच्या घरात, पहिले काही महिने हेच चाललं होतं. अंगावर घेतलं तर लेक तास-दीड तास झोपायची, पाळण्यात पाच मिनिटंही नाही. बाळ असं झोपतं म्हणून ते लाडावलं, असं नाही. जागा असलेला माणूस त्याला धरून बसला असेल, तर त्या झोपेत काही वाईट नाही. खरा धोका असतो तो धरणाऱ्यालाच डुलकी लागण्याचा.

माझा नवरा रात्रपाळी करून आला की मला झोप मिळावी म्हणून तिला घेऊन सोफ्यावर बसायचा. एका पहाटे सासूबाई पाणी भरायला उठल्या, तेव्हा तो झोपी गेला होता. लेक छातीवरून घसरून त्याचा दंड आणि सोफ्याची पाठ यांच्या फटीत गेली होती आणि तिचं नाक कापडाला टेकलं होतं. सासूबाईंनी तिला उचललं, ती जोरात रडली, तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला.

सोफा किंवा आरामखुर्चीत बाळासह झोप लागणं फार धोक्याचं. लहान बाळाला मान सोडवून घेता येत नाही आणि श्वास कोंडला तरी आवाज होत नाही. म्हणून त्या दिवसापासून घरात नियम झाला: पापणी जड झाली की बाळ दुसऱ्याच्या हाती द्यायचं. घरात दुसरं कुणी नसेल तर पाळण्यात ठेवायचं, मग ते रडलं तरी चालेल.

दिवसा हात मोकळे राहावेत म्हणून आम्ही कापडी कॅरियर घेतला. त्यात बाळ बसवल्यावर दर वेळी पाच गोष्टी बघाव्यात. चेहरा दिसला पाहिजे, त्यावर कापड येता कामा नये. मान थोडी वाकवली की कपाळाचा पापा घेता आला पाहिजे. हनुवटी छातीला टेकू नये, मध्ये दोन बोटं मावावीत. कापड घट्ट हवं, म्हणजे पाठ वाकून बाळ खाली घसरत नाही, आणि गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर राहावेत. श्वास घेताना घरघर किंवा कण्हल्यासारखा आवाज आला तर लगेच बाहेर काढून सरळ धरावं. साडीच्या झोळीतही पाठ वाकून हनुवटी खाली जाते, म्हणून तिथे एकटं झोपवू नये. बाळ बांधलेलं असताना गॅसजवळ जाऊ नये. वेळेआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळासाठी कॅरियर वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

आता पाळण्याकडे. जपानमधल्या रिकेन संस्थेच्या संशोधकांनी 2022 मध्ये 21 बाळांचे हृदयाचे ठोके मोजले. बाळ सावध होतं ते पाठ गादीला टेकल्यावर नाही, तर आईच्या अंगापासून सुटायला लागल्यावर, असं त्यांना दिसलं. झोप लागून काही मिनिटं झालेली बाळं मात्र ठेवल्यावरही झोपून राहत. त्यांची सूचना साधी आहे: रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं न थांबता चालायचं, झोपलं की पाच ते आठ मिनिटं बसून धरायचं आणि मग ठेवायचं. अभ्यास छोटा होता, पण आमच्याकडे ही सूचना लागू पडली.

सुरुवात फक्त रात्रीच्या पहिल्या झोपेपासून केली, कारण तेव्हा झोप सर्वांत गाढ असते. दिवसाच्या झोपा अंगावरच राहू दिल्या. हात उचलून सोडला की तो सैल खाली पडतो का, ते बघायचे. पाळण्यावर वाकताना तिला माझ्या अंगाला चिकटवूनच खाली न्यायचे. आधी कुल्ले, मग पाठ, शेवटी डोकं टेकवायचे. हात लगेच काढायचा नाही, छातीवर ठेवून मग हळूच सोडायचा. जाग आली तर आधी तोच हात, थोपटणं, आणि रडू वाढलं की पुन्हा अंगावर. रात्रीची पहिली झोप बसल्यावर सकाळची घेतली, संध्याकाळची सर्वांत शेवटी.

पाळण्याची गादी कडक आणि सपाट हवी, बाळ पाठीवर झोपवावं, आत उशी नको. आमच्याकडे मोहरीची उशी होती. सासूबाईंना कारण सांगितलं आणि ती काढून ठेवली. नाशिकच्या थंडीत दुलईऐवजी अंगभर कपड्यांचा आणखी एक थर घालावा, खोलीत झोपताना डोक्यावर कुंची नको. चादर गार लागत असेल तर गरम पाण्याची पिशवी थोडा वेळ ठेवून, बाळ ठेवण्याआधी ती काढावी.

आडवं केल्यावर दर वेळी बाळ पाठ ताणून कळवळत असेल, दूध नीट घेत नसेल किंवा वजन वाढत नसेल, तर तो सवयीचा प्रश्न समजू नका. अशा वेळी पाळण्याची घाई थांबवून आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.