पाठ टाचण मागताना : चार नोंदींचे मोल

आपल्या शाळेतून शिकून गेलेले आणि आता स्वतः शिक्षक झालेले विद्यार्थी अधूनमधून आमच्याकडे पाठ टाचण मागतात. अशाच एका माजी विद्यार्थ्याने मागणी केली होती : “सर, महाडच्या सत्याग्रहावर एक चांगले पाठ टाचण करून द्यावे.” विषय आपल्या जिव्हाळ्याचा, आम्ही उत्साहाने टाचण लिहून पाठविले. इयत्ता कोणती, तासिका किती मिनिटांची, वर्गाचा पट किती आणि हाताशी साधने कोणती, हे त्याने कळविले नव्हते आणि आम्हीही विचारले नाही.

आमच्या टाचणात पाच गट होते, प्रत्येक गटाला नकाशाची प्रत होती आणि शेवटी प्रत्येकी चार मिनिटांचे निवेदन होते. प्रत्यक्षात त्याच्यापुढे इयत्ता पाचवीची बासष्ट मुले होती, तासिका पस्तीस मिनिटांची होती आणि साधन म्हणाल तर फळा व खडू. एकेका गटात बारा-तेरा मुले आली. निवेदनांनाच वीस मिनिटे हवी होती. ती सुरू होण्यापूर्वीच घंटा झाली. दुसऱ्या दिवशी त्याने मुलांना विचारले, “लोक तळ्यावर का गेले?” बहुतेकांचे उत्तर आले, “तहान लागली म्हणून.” पाठ फसल्याची याहून स्पष्ट खूण कोणती?

कारण महाडचा गाभा तहानेत नाही. सीताराम केशव बोले यांचा ठराव 1923 साली मुंबई विधिमंडळाने संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांनाही खुले ठरले. 1924 साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही तेथे पाणी भरण्याची सोय झाली नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेस जमलेल्या लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. कागदावर मिळालेला हक्क त्या दिवशी बजावला गेला. मुलांच्या हाती लागायला हवे ते हेच.

मग आम्ही चारही गोष्टी विचारून घेतल्या आणि टाचण नव्याने लिहिले. हजेरी व स्थिरस्थावर होण्यास तीन मिनिटे ठेवली. पुढील पाच मिनिटांत एक प्रश्न : “खेळाचे मैदान सर्वांसाठी खुले, अशी पाटी लागली, पण आत जाऊ पाहणाऱ्या काहींना अडविले, तर ते मैदान खुले झाले का?” त्यानंतर दहा मिनिटे कथन; त्या ओघात फळ्यावर एक आडवी रेघ आणि तिच्यावर 1923, 1924 व 1927 एवढीच तीन वर्षे. मग आठ मिनिटे बाकावरील जोडीने बोलायचे : “परवानगी 1924 साली मिळाली, तर 1927 साली चालत जावे का लागले?” प्रत्येक रांगेतून एकाच जोडीने उत्तर सांगायचे. पुढील सहा मिनिटांत प्रत्येकाने वहीत एक वाक्य लिहायचे आणि उरलेल्या तीन मिनिटांत शिक्षकाने दोन-तीन वाक्ये वाचून दाखवायची. बासष्ट वह्या त्याच दिवशी तपासता येत नाहीत. म्हणून एका रांगेतील दहा वह्या पाहायच्या. त्यांत ‘ठराव होता, पण पाणी घेऊ देत नव्हते’ अशा अर्थाचे वाक्य निम्म्यांहून कमी आढळले, तर पुढच्या तासिकेला तोच प्रश्न पुन्हा घ्यायचा.

एक दक्षताही टाचणात लिहिली. मिश्र वर्गात “तुमच्यापैकी कोणाच्या आजोबांना असे अडविले होते?” असे विचारू नये. तो प्रश्न काही मुलांना सर्वांदेखत वेगळे काढतो.

हाच विषय नववीच्या अठ्ठावीस मुलांना चाळीस मिनिटांत आणि ग्रंथालयातील पुस्तकांसह शिकवायचा असता, तर पाठ निराळा झाला असता. तेथे सात-सात जणांचे चार गट चालतात. रेघ 1937 पर्यंत नेता येते, कारण तळ्याविषयीच्या खटल्याचा उच्च न्यायालयातील निर्णय त्या वर्षी लागला. ठराव, प्रत्यक्ष कृती आणि न्यायालय या तिन्हींनी काय काय साधले, याची तुलना ती मुले करू शकतात. पाचवीच्या मुलांवर खटल्याचा तपशील लादला, तर मूळ प्रश्नच हरवतो.

इयत्तेवरून प्रश्न किती खोल न्यायचा ते ठरते, तासिकेवरून किती प्रश्न घ्यायचे ते. पटावरून जोडी की गट हे ठरते आणि साधनांवरून मुलांच्या डोळ्यांपुढे काय राहील ते. विचारण्यास सवड नसेल, तर आम्ही आता टाचणाच्या माथ्यावर आमची गृहीते लिहितो : “इयत्ता पाचवी, पस्तीस मिनिटे, सुमारे साठ मुले, फक्त फळा.” वाचणाऱ्याला त्यातील न जुळणारी ओळ तत्काळ दिसते आणि बदल कोठे करावा हे कळते. त्या माजी विद्यार्थ्याने नव्या टाचणाने तासिका घेतल्यावर दहा वह्यांतील वाक्ये आम्हांस कळविली. सातांमध्ये ‘ठराव’ हा शब्द होता. उरलेल्या तिघांसाठी त्याने पुढच्या तासिकेची पहिली पाच मिनिटे राखून ठेवली होती.